बाराशेचा दिवस, सहाशेचा दिवस

अकरा हजार आठशे चार रुपये. सहा वर्षं दोन महिने नोकरी केलेल्या माणसाच्या हिशोबाच्या शेवटच्या ओळीत हा आकडा होता आणि तो हिशोब माझ्या कॉम्प्युटरवरून गेला होता. आजही तो आकडा आठवला की डोकं तापतं. कंपनीवर तापतं, साहेबांवर तापतं आणि थोडं थांबून पाहिलं तर सगळ्यात जास्त स्वतःवर तापतं.

मी पगाराचं काम करते. पनवेलला, एका साड्यांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. कंपनीची गोदामं द्रोणागिरीला, बंदरातून उतरलेला माल तिथे येतो आणि तिथून पुढे जातो. गोदामातल्या तीनशे माणसांचे पगार, पीएफ, रजा आणि कुणी सोडून गेलं की त्याचा शेवटचा हिशोब हे सगळं माझ्या टेबलावर होतं. या शेवटच्या हिशोबाला आमच्याकडे सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. ज्याला तो मिळायचा असतो तो तर हे दोन शब्द देवाचं नाव घ्यावं तसे घेतो.

ज्याचा तो अकरा हजारांचा हिशोब होता, तो मुलगा गोदामात इम्पोर्टची कागदपत्रं बघायचा. गव्हाणचा, शेतकरी घरातला. बापाची जमीन सरकारने कधीच घेतली होती, त्यामुळे आता शेतकरी म्हणायला तसं काही उरलं नव्हतं. छत्तीस हजार पगार, त्यातला अर्धा बेसिक. कामाला इतका पक्का की कस्टम्सच्या कागदात त्याने चूक सोडल्याचं मला आठवत नाही. मला तो ताई म्हणायचा, बाकी सगळे मॅडम म्हणतात. गेल्या गणपतीच्या आधी त्याला बेलापूरला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी लागली, पगार अठ्ठेचाळीस. त्यांनी विचारलं, नोटीस किती? याने सांगितलं, एक महिना. कारण त्याच्या नेमणूकपत्रात एक महिना लिहिलं होतं.

पहिल्या तारखेला त्याने कंपनीच्या पोर्टलवर राजीनामा टाकला. तीस तारीख हा आपला शेवटचा दिवस असं त्यातच लिहिलं आणि पुढच्या सोमवारी बेलापूरला हजर होण्याचं कबूल केलं. महिनाभर रोज आला. गणपतीत अर्धं गोदाम रिकामं असतं, तेव्हाही आला. घरी दीड दिवसाचा गणपती, चतुर्थीच्या सुट्टीला तेवढा एक रविवार जोडून घेतला, रजा टाकली नाही. नोटीसमध्ये रजा चालत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

पंचवीस तारखेच्या सुमाराला त्याला मंजुरीसाठी हिशोबाचा मसुदा गेला. सव्वीसला सकाळी तो बाइक घेऊन द्रोणागिरीहून पनवेलला माझ्या टेबलापाशी आला. हेल्मेट हातात तसंच.

“ताई, ह्यो काय हाय? मला काय समजला नाय.”

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि एकेक ओळ सांगायला लागले. वीस वर्षं हे सांगतेय, माझा आवाज आपोआप बँकेच्या काउंटरवरच्या बाईसारखा होतो. येणं : शेवटच्या महिन्याचा पगार, पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून चौतीस हजार. शिल्लक बावीस रजांचे पैसे, तेरा हजार दोनशे. ग्रॅच्युइटी, बासष्ट हजार तीनशे आठ. एकूण एक लाख नऊ हजार पाचशे आठ. देणं : नोटीस कमी भरली म्हणून वसुली, एकोणसत्तर दिवसांचे ब्याऐंशी हजार आठशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, चौदा हजार नऊशे चार. वजा करून हातात येणार अकरा हजार आठशे चार.

मग त्याने एकच प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने माझी वीस वर्षं उघडी पाडली.

“ताई, रजेचा एक दिवस सहाशे रुपये धरला. मंग नोटिशीचा एक दिवस बाराशे कसा?”

उत्तर मला पाठ होतं. रजेचे पैसे बेसिकवर, अठरा हजार भागिले तीस. वसुली पूर्ण पगारावर, छत्तीस हजार भागिले तीस. पॉलिसीच तशी आहे. मी ते तोंड उघडून सांगितलं आणि सांगतासांगता मला ऐकू आलं की मी काय बोलतेय. त्याचा एक दिवस कंपनीने त्याला द्यायचा असेल तर सहाशेचा आणि त्याने कंपनीला द्यायचा असेल तर बाराशेचा. माणूस तोच, खुर्ची तीच, काम तेच. हा हिशोब मी किती जणांच्या पुढ्यात ठेवला होता आणि एकदाही मला यात काही खटकलं नव्हतं. त्या उरलेल्या बावीस रजा नोटिशीत वळत्या केल्या असत्या तरी तेवढे दिवस भरले असते. पॉलिसीत तेही चालत नाही.

“पन एकोणसत्तर कुठून आले? मी तर महिना भरलाय.”

हे पोर्टलचं. राजीनामा पहिल्या तारखेला टाकला, पण त्याच्या गोदामाचे मॅनेजर गणपतीला रत्नागिरीकडे गेले होते. नऊ दिवस तो राजीनामा त्यांच्या यादीत तसाच पडून. दहाव्या दिवशी आल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि पोर्टलने नोटीस त्या दिवसापासून धरली. म्हणजे मॅनेजर मोदक खात होते ते नऊ दिवस याच्या नावावर. भरलेले दिवस एकवीस. नव्वदातून एकवीस गेले, एकोणसत्तर.

“नव्वद?” तो म्हणाला. “माझ्या लेटरमधी तीस हाय.”

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन आला. साठीचा काटक माणूस, पांढरा लेंगा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक फाईल. आमच्या या भागात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांत कागद जपायची सवय अशी भिनलेली आहे की रेशनकार्डाची जुनी झेरॉक्ससुद्धा कुणी टाकत नाही. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी माणसांनी वीस-वीस वर्षं कागद सांभाळलेत, एका अक्षरासाठी फेऱ्या मारल्यात. त्या फाईलमध्ये मुलाचं सहा वर्षांपूर्वीचं नेमणूकपत्र होतं, कोपराही दुमडलेला नव्हता.

“बघा मॅडम,” ते म्हणाले, “हितं लिवलाय. नोटीस एक महिना, नायतर एक महिन्याचा बेसिक. खाली सही-शिक्का तुमचाच हाय ना?”

शिक्का आमचाच होता. मी वाचलं आणि मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, सुटलं पोरगं. नेमणूकपत्र म्हणजे करार, त्यात एक महिना आहे, त्याने महिना भरलाय. वसुली शून्य. मी त्यांना बसवून चहा सांगितला आणि ते पत्र घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

आमचे एचआरचे साहेब पस्तिशीचे, शांत, कधी आवाज न चढवणारे. अशा माणसांशी भांडणं सगळ्यात अवघड. त्यांनी पत्र वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “मॅडम, हे जुनं झालं. दोन वर्षांपूर्वी आपण पॉलिसी रिवाइज केली ना? नोटीस नव्वद दिवस, रिकव्हरी ग्रॉसवर. सगळ्यांनी ॲक्सेप्ट केलीये. लॉग तर तुमच्याकडेच आहे. काढा ना जरा.”

मी टेबलावर येऊन लॉग काढला. त्याचं नाव, तारीख, वेळ, सकाळी अकरा बेचाळीस. पॉलिसी स्वीकारली. आणि मग मला आठवलं. इतकं स्पष्ट आठवलं की समोर बसलेल्या बापलेकांकडे मला बघवेना.

दोन वर्षांपूर्वी नवीन पोर्टल आलं. तेव्हा असं ठरलं की पोर्टलवर लॉगिन केल्याबरोबर पॉलिसीचा चौकोन उघडेल, आणि ‘मला मान्य आहे’ दाबल्याशिवाय पगाराची स्लिप उघडणार नाही. पॉलिसी वाचायला वेगळी लिंक होती, छोट्या अक्षरांत, एकवीस पानांची. ती कोण उघडतो? त्या आठवड्यात लोकांना कर्जासाठी, शाळेच्या फीसाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, कशाकशासाठी स्लिपा हव्या होत्या आणि सगळे फोन मला. स्लिप उघडत नाही मॅडम, काय करू? मी दिवसाला पन्नास जणांना सांगत होते, दाबा हो ते, फॉर्मॅलिटी आहे. यानेही फोन केला होता. बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढत होता, बँकेला तीन महिन्यांच्या स्लिपा हव्या होत्या. त्याने विचारलं होतं, ताई, ते काय हाय, वाचायला लागंल का? मी म्हणाले होते, काही नाही रे, दाब.

ज्या घरात कागदाचा कोपरा दुमडत नाहीत, त्या घरातल्या मुलाने न वाचता होकार दिला होता, कारण मी सांगितलं होतं.

मी त्यांना लगेच सांगितलं. लपवून काय करणार होते? वडिलांनी नेमणूकपत्र परत फाईलमध्ये ठेवलं, फाईल प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक पिशवीत. मुलगा म्हणाला, “ताई, तुमी मुद्दाम थोडीच केला.” मला थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर मला राग आला आणि या वेळी तो कामाला लावायचं मी ठरवलं. संध्याकाळपर्यंत बसून त्या हिशोबाची प्रत्येक ओळ मी अशी तपासली, जणू ती माझ्या मुलाची आहे. आणि जसजशी बघत गेले तसतशी माझीच लाज वाटत गेली.

जीएसटी. कधीकाळी आमच्या अकाउंट्सने सांगितलं होतं की नोटिशीची वसुली म्हणजे कंपनीने दिलेली सेवा, तिच्यावर कर लागतो. मी शीटमध्ये कॉलम टाकला, तोच कॉलम पुढे नवीन सॉफ्टवेअरमध्ये गेला. पण सरकारच्या कर खात्याने मधल्या काळात परिपत्रक काढून सांगून टाकलं होतं की अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, कारण माणूस मध्येच सोडून गेला याला कंपनीने सेवा दिली असं म्हणता येत नाही. हे परिपत्रक मी वाचलेलं होतं की नव्हतं? खरं सांगायचं तर डाउनलोड केलेलं होतं. वाचलं नव्हतं.

नऊ दिवस. पॉलिसीतच लिहिलं होतं की नोटीस राजीनामा दिल्याच्या तारखेपासून धरावी. पोर्टलने मंजुरीच्या तारखेपासून धरली, ती पोर्टलची चूक. मॅनेजर सुट्टीवर होते यात मुलाचा काय दोष?

आणि ग्रॅच्युइटी. इथे मात्र मी खुर्चीतून उठलेच. ग्रॅच्युइटी पाच वर्षं सेवा केलेल्या माणसाचा कायद्याने दिलेला हक्क आहे. शेवटच्या बेसिकचे पंधरा दिवस, महिना सव्वीस दिवसांचा धरून, गुणिले वर्षं. ती नोटिशीच्या वसुलीत वळती करता येत नाही. कायद्यात ती रोखायची कारणं मोजकी आहेत, तोडफोड, मारहाण, गंभीर गैरवर्तन आणि तीही त्यासाठी काढून टाकलेल्या माणसापुरतीच. स्वतःहून राजीनामा देणारा त्यात बसत नाही. इतके दिवस आम्ही ग्रॅच्युइटी वेगळी देत होतो. या वर्षापासून साहेबांच्या सांगण्यावरून सगळं एका शीटमध्ये आलं, ‘सोपं जावं म्हणून’. कुणाला सोपं जावं म्हणून, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी तिन्ही गोष्टी सांगितल्या. परिपत्रक प्रिंट करून नेलं होतं, ग्रॅच्युइटीच्या कायद्याचं कलमही. माझा आवाज चढलेला होता, मला माहीत आहे, कारण बाहेरचं टायपिंग थांबलं. साहेबांनी वाचलं. दहा मिनिटं फोनवर कुणाशी तरी बोलले. मग म्हणाले, “ओके. जीएसटी काढा. नऊ दिवस पण काढा, फेअर इनफ. ग्रॅच्युइटी सेपरेट करा, तीस दिवसांत देऊ, कायद्यात तेवढी मुदत आहेच.”

मी जिंकल्यासारखी बाहेर आले. खुर्चीत बसून नवा हिशोब केला आणि पुन्हा जमिनीवर आले. साठ दिवस गुणिले बाराशे, बहात्तर हजार वसुली. पगार आणि रजा मिळून सत्तेचाळीस हजार दोनशे. ग्रॅच्युइटी आता वेगळी, ती तीस दिवसांनी. म्हणजे शेवटच्या ओळीत उलटंच. कंपनीने त्याला काही देणं नाही. त्यानेच कंपनीला चोवीस हजार आठशे द्यायचे. आणि ते भरल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून सोडल्याचं पत्र, नाही. रिलिव्हिंग लेटर नाही तर सोमवारी बेलापूरला हजर होता येणार नाही, कारण त्यांनी ते पहिल्याच दिवशी मागितलं होतं.

मी कायद्याची बाजू जिंकून त्याच्याकडून आणखी पैसे काढले होते. बासष्ट हजार त्याला महिन्याने मिळणार होते, पण चोवीस हजार आजच हवे होते.

म्हणून मग मी ती मेल लिहिली. नोकरीत इतकी वर्षं झाली, अशी मेल मी कधी लिहिली नव्हती. लिहिलं की दोन वर्षांपूर्वीची स्वीकृती खरी स्वीकृती नाही. पगाराची स्लिप अडवून ती घेतली गेली, पॉलिसी कुणाला दाखवली गेली नाही, आणि मी स्वतः या कर्मचाऱ्याला फोनवर न वाचता दाबायला सांगितलं होतं. म्हणून त्याला जुन्या नेमणूकपत्राप्रमाणे सोडावं. साहेबांना, त्यांच्या वरच्यांना, सगळ्यांना. पाठवली आणि पाण्याची बाटली रिकामी केली.

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब रागावले नव्हते, हेच जास्त झोंबलं.

“मॅडम, तुम्ही इमोशनल झालात. समजू शकतो. पण हे बघा.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन वर्षांपूर्वीची माझीच मेल, सगळ्या गोदामाला पाठवलेली. ‘कृपया पॉलिसी काळजीपूर्वक वाचून मगच स्वीकारा.’ खाली माझं नाव. ती मेल मला एचआरने लिहून दिली होती, मी फक्त पाठवली होती. “तुम्ही लेखी सांगितलंय वाचा म्हणून. फोनवर काय सांगितलं, त्याचा रेकॉर्ड नाही. एकाला सोडलं तर तीनशे जण उद्या दारात. तुमच्या मेलचं उत्तर मी देत नाहीये. फाईलमध्ये राहू नये, हे तुमच्याच दृष्टीने चांगलं. जीएसटीची चूक तुमच्या शीटमधली होती, त्याबद्दलही मी काही बोललो नाहीये.”

“मधल्या काळात ज्यांच्याकडून जीएसटी घेतला, त्यांना परत करायचा ना?” मी विचारलं. माझ्या हातात त्यांची यादी होती. मी ती आदल्या रात्री काढली होती.

“त्यांनी विचारलं तर बघू,” साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

त्यांना कोण सांगणार विचारायला? मी त्या यादीतल्या लोकांना दुसऱ्या दिवसापासून एकेक करून फोन करायला लागले. तो एक वेगळाच वैताग आहे, अर्धे नंबर बंद आहेत. ते काम अजून चालू आहे.

शुक्रवारी संध्याकाळी चोवीस हजार आठशे कंपनीच्या खात्यात जमा झाले. वडिलांच्या पासबुकातून. त्यांनी बँकेत स्वतः जाऊन स्लिप भरली, तिची झेरॉक्स काढली आणि मूळ पावती त्या फाईलमध्ये गेली. ग्रॅच्युइटीसाठी त्याच्याकडून मी त्याच दिवशी लेखी अर्ज घेतला, कायद्यातल्या नमुन्यात, दोन प्रतींत, एकीवर आमच्या इनवर्डचा शिक्का मारून त्याला परत दिली. तिसाव्या दिवसापुढे एक दिवस गेला तर व्याज मागायचं, हे त्याला तीनदा सांगितलं. वडिलांनी एकदा ऐकलं आणि पाठ केलं.

शनिवारी दुपारी रिलिव्हिंग लेटर तयार झालं. मी ते पाकिटात घालून खाली आले, कारण त्याला वर केबिनसमोरून जाताना बघायची माझी इच्छा नव्हती. एसटी स्टँडपाशी एका चहावाल्याच्या बाकावर तो बसला होता. लेटर घेतलं, वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तारखा बोटाने तपासत. मग मोबाइल काढला.

“ताई, बेलापूरवाले पैसे देतील म्हनतात. नोटीस बायआउट. पन आधी ह्यो नव्या नोकरीचा करार सही करायचा हाय. सहा वाजेपर्यंत लिंक हाय.”

साडेचार वाजले होते. मी म्हणाले, वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. अकरा पानं होती. मी वाचत गेले, तो बरोबर वाचत गेला, जिथे अडला तिथे मी समजावून सांगितलं. बायआउटचे पैसे मिळणार होते, पण फक्त तीस दिवसांचे, छत्तीस हजारांपर्यंत. म्हणजे बहात्तरातले निम्मे. तेही पहिल्या पगारात मिसळून, त्यामुळे त्याच्यावर टॅक्स कापून. अठरा महिन्यांच्या आत सोडलं तर पूर्ण छत्तीस हजार परत, टॅक्स गेला तो गेला. आणि नवव्या पानावर त्यांची नोटीस. नव्वद दिवस. वसुली ग्रॉसवर, पूर्ण पगारावर. रजेचा पैसा बेसिकवर. अक्षर न अक्षर आमच्याच पॉलिसीसारखं. आता त्याचा दिवस सोळाशेचा झाला होता.

मी त्याला गणित करून दाखवलं. अठ्ठेचाळीस हजार भागिले तीस. तो ऐकत होता. पानं पुन्हा पुढे-मागे केली. नववं पान दोनदा वाचलं. वडिलांना फोन लावला आणि मोठ्याने वाचून दाखवलं, चहावाला बघायला लागला. पलीकडून वडील काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

मला वाटत होतं, नको दाबू म्हणावं. मग काय करावं, ते मात्र सांगता येत नव्हतं. परत आमच्याकडे यायला जागा नव्हती, लेटरवर शिक्का पडला होता. बापाचे चोवीस हजार गेलेले. ग्रॅच्युइटी महिन्याने. दुसरी नोकरी शोधली तर तिच्या कागदावरही हेच असणार, हे मी वीस वर्षं पगार करून सांगू शकते.

साडेपाचला त्याने माझ्याकडे बघितलं.

“ताई, या टायमाला समदा वाचला,” तो म्हणाला. “एक पन ओळ सोडली नाय.”

आणि ‘मला मान्य आहे’ दाबलं.